बिनटाक्याचं अस्तर

डब्यातली ती चार-पाच गुलाबी बटणं पाहून वहिनींना आधी हसूच आलं. मास्तरांच्या शिवणाच्या दुकानातली काजं-बटणं इतकी वर्षं त्यांच्याच हातची. डब्यात बोटं घातली की न पाहता सांगत, हे शर्टाचं, हे कोटाचं, हे उगाच जपून ठेवलेलं. ही मात्र ओळखीची लागेनात. गोल, गुळगुळीत, आणि एकाही बटणाला भोक नाही.

"अहो," त्यांनी पडद्याआडून हाक मारली, "ही कुठली नवी तऱ्हा आणलीत? बटणाला भोकंच नाहीत! लावायची कशी, फुंकर मारून?"

काउंटरपलीकडे कोटासाठी थांबलेलं गिऱ्हाईक खो खो हसलं. मास्तर हसले नाहीत. ते खुर्चीत ताठ बसून होते, दोन्ही हात मांडीवर, जसं काही कुणी त्यांना खुर्चीला टाचून ठेवलंय. गेले काही दिवस ते असेच बसत. कात्री उचलत नसत, वाकत नसत, शिंक आली तर नाक दाबून ती परत पाठवत.

वहिनींनी एक बटण उजेडात धरलं. त्यावर बारीक आकडा उमटवलेला होता. मग त्यांचं हसू जागच्या जागी थिजलं. हा आकडा त्या रोज सकाळी पाहत होत्या. पाण्याच्या पेल्याबरोबर रोज स्वतःच्या हातानं मास्तरांच्या तळहातावर ठेवत होत्या.

त्यांनी गिऱ्हाइकाच्या कोटाला होतं ते काळं बटण लावून दिलं. दोरा दातानं तोडला, कोट घडी करून पिशवीत घातला, "पुन्हा या" म्हटलं, आणि दाराची आतली कडी लावली. मग तळहातावर त्या गोळ्या मांडून नवऱ्यापुढे उभ्या राहिल्या.

"हे काय आहे?"

मास्तरांनी नजर छताकडे नेली. "बटणं."

"कुणाच्या शर्टाची?"

आता मागचं थोडं सांगायला हवं. तीनेक आठवड्यांपूर्वी मास्तरांना हृदयविकाराचा झटका आला होता. डॉक्टर त्याला छोटा म्हणाल्या. मास्तर त्याला "धक्का" म्हणत, आणि वहिनी काहीच म्हणत नसत. हृदयाला रक्त पुरवणारी एक नळी आतून इतकी अरुंद झाली होती की त्यातून सुई जेमतेम गेली असती. डॉक्टरांनी मास्तरांच्या मनगटातून एक बारीक तार आत सरकवली, ती थेट हृदयावरच्या त्या नळीपर्यंत नेली, तारेवरून आधी फुगा नेऊन अडलेली जागा मोकळी केली, आणि मग जाळीची एक इवलीशी नळी तिथे बसवली. तिला स्टेंट म्हणतात. हे सगळं मास्तर जागे असताना झालं. आणि जागा शिंपी म्हणजे प्रश्न विचारणारा शिंपी.

"शिवलं का?" त्यांनी टेबलावर पडल्या पडल्या विचारलं होतं.

"नाही काका, शिवायचं काही नसतं," डॉक्टर मास्कमागून म्हणाल्या होत्या.

"मग चिकटवलं?"

"तेही नाही."

"निदान दोन टाके? कच्चे?"

"फुगा फुगवला, जाळी भिंतीला टेकवली, फुगा काढून घेतला. झालं!"

डॉक्टरांच्या मते ही आनंदाची बातमी होती. मास्तरांच्या मनात मात्र त्या "झालं"नं घर केलं. उभ्या जन्मात त्यांनी अशी एकही वस्तू पाहिली नव्हती, जी टाक्याशिवाय जागेवर राहते. खिसा टाक्यानं राहतो, कॉलर टाक्यानं राहते, माणसाची अब्रूसुद्धा शेवटी पँटच्या चार टाक्यांवर उभी असते. आणि इथे म्हणे छातीत, चोवीस तास धडधडणाऱ्या यंत्रात, एक जाळी नुसती टेकवून ठेवली आहे!

घरी आल्यावर ते गप्प होत गेले. वहिनींना वाटलं, अशक्तपणा असेल.

"बोला आता," वहिनी म्हणाल्या. "मी रोज देते ती गोळी जाते कुठे? तोंडात की डब्यात?"

"पांढरी घेतो की मी," मास्तर म्हणाले. "ती डोकेदुखीची आहे, माहितीतली आहे. तिच्याशी माझं भांडण नाही."

"आणि गुलाबी?"

मास्तरांनी आवाज खाली आणला, जसं काही छातीतल्या जाळीला ऐकू जायला नको. "औषधाच्या दुकानातला म्हणाला होता, ही रक्त पातळ करते. तूच सांग, पातळ झालं की घसरतं का नाही? आत काय लावलंय ठाऊक आहे ना? टाका नाही, डिंक नाही. जरा जाड रक्त असेल तर निदान धरून तरी ठेवील. आपण कापड कापताना कांजी कशाला देतो? घसरू नये म्हणून ना?"

 इतक्या वर्षांच्या संसारात वहिनींना एक कळलं होतं. मास्तरांची चूकसुद्धा मापाला पक्की असते, कुठे झोळ सापडत नाही, म्हणूनच ती उसवायला त्रास होतो.

"म्हणजे डॉक्टरीण एवढं शिकून आली ती वेडी, आणि तुम्ही छातीला कांजी देताय ते शहाणे?"

"वेडी कुठे म्हटलं? तिनं कधी शिवण केलं नाही, एवढंच म्हणतो."

"छातीत काही होतंय का?"

"नाही."

"अहो, माझ्याकडे बघून सांगा."

मास्तरांनी बघितलं, आणि मग बघवेना म्हणून मान वळवली. "काल इस्त्री उचलली तेव्हा जरा आवळल्यासारखं झालं. थोडंसंच. म्हणून तर म्हणतो, जाळी सरकतेय. आणि गोळी घेतली असती तर पारच गेली असती खाली."

वहिनींनी गोळ्या मुठीत घट्ट धरल्या. पायात चपला सरकवल्या आणि टॅक्सी बोलावली.

रुग्णालयातल्या निरीक्षणाच्या खोलीत एक खाट, एक बेसिन आणि भिंतीवर मास्तरांच्या ठोक्यांची हिरवी रेघ काढणारा पडदा होता. परिचारिकेनं छातीला चकत्या चिकटवल्या, हृदयाचा आलेख काढला, हातातून रक्त घेतलं. मास्तर त्या चकत्यांकडे कौतुकानं पाहत होते. "बघ," ते वहिनींना म्हणाले, "ह्यांनासुद्धा चिकटवलंय. साध्या चकतीला डिंक, आणि आतल्या मौल्यवान मालाला काही नाही."

डॉक्टर आल्या त्या आलेखाची पट्टी वाचत वाचत. वयानं मास्तरांच्या मुलीसारख्या, पण चालण्यात मास्तरांच्या आईचा धाक. त्यांनी वहिनींच्या हातातल्या गोळ्या पाहिल्या. हकिकत ऐकली. कांजीपर्यंत आल्यावर त्यांनी ओठ घट्ट मिटून घेतले. परिचारिका मात्र पाठ फिरवून उगाच सलाईनचा खांब पुसू लागली.

"काका, आलेख तरी आजपुरता ठीक दिसतोय," डॉक्टर म्हणाल्या. "हृदयाच्या स्नायूला इजा झाली असेल तर ती रक्तात दिसेल. तो निकाल येईल. तोवर वाट बघायची नाही. ह्या गुलाबी चार गोळ्या एकदम घ्यायच्या, आत्ता, माझ्यासमोर."

"चार?" मास्तरांनी पाय वर ओढले. "एकीचीच भीती वाटत होती."

"बुडालेल्या दिवसांचा अनुशेष भरून काढायचा आहे."

"मॅडम, राग मानू नका. गोळी घेतली की ती सरकणार. काल सरकली तेव्हा मला कळलं. माझी छाती आहे, मला नाही तर कुणाला कळणार?"

भिंतीवरची हिरवी रेघ भराभर उड्या मारू लागली.

"हे बघा," वहिनी तिकडे बोट दाखवून म्हणाल्या, "खोटं बोलायला लागले की असं पळतं. घरी असा एक पडदा हवा होता मला, लग्नापासूनच."

डॉक्टर आता खरंच काळजीत पडल्या होत्या. तोंडात जबरदस्तीनं गोळी कोंबता येत नाही, आणि हट्टी माणसाला ओरडून पटत नाही, हे त्यांना माहीत होतं. त्या तरातरा आपल्या खोलीत गेल्या आणि हातात काही वस्तू घेऊन परत आल्या. रुग्णांना दाखवायला ठेवलेली एक मऊ, पारदर्शक, शिंप्याच्या दोऱ्याच्या गुंडाळीइतकीच लांब नळी होती. आणि एका बारीक तारेच्या टोकावर, मिटलेल्या फुग्याला घट्ट आवळून, एक जाळी बसली होती. एवढीशी, की मास्तरांनी चष्मा कपाळावरून नाकावर घेतला.

"ही?"

"हीच. तुमच्या आत आहे तशीच. नळीत सरकवते, बघा."

तारेचं टोक नळीत गेलं. डॉक्टरांनी एक पंप दाबला, त्यावरचा काटा सरकत गेला. आतला फुगा ताणला आणि त्याच्यावरची जाळी फुलासारखी उमलत चहूबाजूंनी नळीच्या भिंतीला जाऊन भिडली. मग पंप सोडला. फुगा मिटला, निमूटपणे बाहेर आला. जाळी तिथेच राहिली, उघडी, जशी फुलली तशीच.

"आता फुगा गेल्यावर ती मिटत का नाही?" मास्तरांनी नकळत विचारलं.

"धातूची आहे. एकदा इतकी वाकवली की परत मागे येत नाही. आणि मी तिला नळीपेक्षा नखभर मोठी फुगवते. तुम्ही मनगटावरचा इलॅस्टिकचा पट्टा कसा घेता? मनगटाहून जरा आखूडच ना? नळीची भिंत तशी तिला बाहेरून आवळून धरते, आणि ती आतून भिंतीला रेटून धरते. दोघींची कायमची ढकलाढकल, म्हणून कुणीच हलत नाही."

"सासूसुनेसारखं," वहिनी म्हणाल्या.

"घ्या," डॉक्टरांनी नळी मास्तरांच्या हातात ठेवली. "हलवा. वाकवा. आपटा. सरकवून दाखवा."

मास्तर खाटेवर उठून बसले. त्यांनी नळी झटकली, जसे ते विजारीचे पाय झटकत. खाटेच्या कडेवर आपटली. अंगठ्यानं दाबली, पिळली, दोन्ही टोकं जवळ आणली. जाळी नळीबरोबर वाकली, नळीबरोबर सरळ झाली, पण जागा सोडली नाही. डॉक्टरांनी बेसिनचा नळ पूर्ण सोडला आणि नळी त्या धारेखाली धरली. पाणी आरपार सुसाटलं, डॉक्टरांची बाही भिजली, परिचारिकेच्या अंगावर शिंतोडे उडाले. जाळी होती तिथेच.

"पाण्यापेक्षा पातळ रक्त कुणाचं असतं का काका?"

मास्तरांनी नळी परत मागून घेतली. त्यांनी नळी उजेडात धरून जाळीचे वेढे निरखले. असं ते चांगलं कापड पाहताना करत. मग हळूच विचारलं, "आणि तो कचरा? माझी नळी ज्यानं बुजली होती, तो काढला तरी का तुम्ही?"

"काढला नाही. भिंतीकडे दाबला. तो नळीच्या भिंतीतच साचलेला असतो, जाळीनं त्याला मागे ढकलून धरलंय. मधली वाट मोकळी झाली, रक्ताला तेवढंच हवं असतं."

"म्हणजे शिवण नाही, सफाई नाही, नुसती दांडगाई."

"काका, दाखवते मी तुमचं तुम्हाला," डॉक्टर म्हणाल्या आणि त्यांनी फोनवरून कुणाला तरी सांगून त्या दिवशीचं चित्रण चाकांवरच्या दुसऱ्या एका पडद्यावर मागवलं.

काळ्या-करड्या पडद्यावर मास्तरांचं हृदय हललं. आधी एक नळी दिसली, मधेच कुणी चिमटीत धरावी तशी आवळलेली. त्यापुढे, नळी दिसावी म्हणून रक्तात सोडलेल्या औषधाची नुसती धूसर सावली. मग नंतरचं चित्र. तीच नळी, पण मध्ये चिमटा नाही. भरभरून वाहणारी, टोकापर्यंत फांद्या दिसणारी. आणि तिच्या पोटात एक फिकट जाळीची रेघ, ठोक्यागणिक नळीबरोबर डोलणारी. नळी उजवीकडे झुकली की ती उजवीकडे, वर आली की ती वर.

वहिनींनी नकळत हात जोडले. ज्यानं हे मुळात घडवलं, त्यानं एवढं सगळं शिवलं, आणि कुठे एक टाका दिसू दिला नाही. त्यांना वाटलं, आपल्या नवऱ्याला टाका हवा आहे, पण ह्या शिंप्याला तो कधी दाखवावासाच वाटला नाही.

"नाचतेय ती," मास्तर पुटपुटले.

"नळीबरोबर नाचतेय. नळीच्या आत नाही. दिवसाला लाखभर वेळा. आता पटलं? ती सरकत नाही."

"पटलं," मास्तर म्हणाले. सगळ्यांनी सुटकेचा श्वास टाकला. मग मास्तरांनी नळी खाली ठेवली, चष्मा पुसला आणि अगदी शांतपणे म्हणाले, "मग गोळी कशाला?"

डॉक्टरांनी डोळे मिटले.

"नाही, मी विचारतो. आधी मला वाटलं, ती सैल आहे, म्हणून गोळी वाईट. आता तुम्हीच दाखवलंत, ती पक्की आहे. पाण्यानं हलत नाही, आपटून हलत नाही. मग जिला गरज नाही तिला औषध कशाला?"

"अहो!" वहिनी ओरडल्या.

"अगं, सरळ हिशोब आहे."

डॉक्टर खाटेच्या कडेवर बसल्या. आता त्यांच्या आवाजातली थट्टा गेली होती. "काका, जाळी सरकण्याची मला भीती नाहीच. ती बुजण्याची आहे. ती परकी वस्तू आहे. उघडा धातू. रक्तात प्लेटलेट नावाचे कण असतात. तुम्हाला सुई टोचली तर रक्त थांबतं ना, ते त्यांच्यामुळे. ते परक्या गोष्टीला चिकटतात, एकमेकांना चिकटतात, आणि गुठळी होते. बोटावर झाली तर बरं. त्या जाळीवर झाली तर ती वाट काही मिनिटांत बंद होते, आणि मग तो छोटा झटका नसतो. गोळी रक्ताचं पाणी करत नाही. ती त्या कणांचा चिकटपणा कमी करते. पांढरी थोडं काम करते, गुलाबी बाकीचं. इतके दिवस पांढरी एकटी लढत होती, म्हणून तुम्ही इथे बसून मला हिशोब सांगताय."

मास्तर ऐकत होते, पण त्यांच्या कपाळावर अजून आठी होती. गुळगुळीत धातूला काही चिकटतं, हे त्यांच्या मनात बसेना.

तेव्हा वहिनी बोलल्या. 

"मशीनच्या बॉबिनखाली काय साठतं?"

"काय?"

"मी रोज संध्याकाळी बुरशानं काय काढते? धाग्याची लव. लोखंड गुळगुळीत असतं, तेल घातलेलं असतं, तरी साठते ना? आधी एक तंतू अडकतो. मग त्याला दुसरा. मग एक दिवस मशीन 'खट्' करून थांबतं, आणि तुम्ही मला विचारता, काल साफ केलं नव्हतंस का?" त्यांनी श्वास घेतला. "बॉबिन सरकली म्हणून नाही थांबत. लव साठली म्हणून थांबतं. तुमच्या छातीत बुरूस घालायला मला हात नाही."

 पडद्यावरची हिरवी रेघ जरा हळू झाली.

मास्तरांना मशीन थांबलेलं आठवलं असणार. त्यांनी डॉक्टरांकडे पाहून अगदी वेगळ्या सुरात विचारलं, "मग जन्मभर लव साठत राहणार?"

"नाही. हीच तर गंमत आहे," डॉक्टर पुढे सरकल्या. "शरीर हे उघडं लोखंड तसं ठेवत नाही. नळीच्या भिंतीचं आतलं जे पातळ कातडं असतं ना, ते हळूहळू ह्या जाळीच्या प्रत्येक तारेवर चढत जातं. शेवटी जाळी भिंतीच्या आत जाते. मग रक्ताला ती दिसतच नाही."

"अस्तर," मास्तर म्हणाले.

"काय?"

"अस्तर लावतं म्हणा की आतून."

"हो. अस्तरच."

"बिनटाक्याचं?"

"बिनटाक्याचं. कुठे जोड दिसत नाही. पण त्याला महिने लागतात. आणि तुमच्या जाळीवर आम्ही मुद्दाम एक औषध लावलंय, ज्यानं अस्तर सावकाश वाढतं."

"सावकाश? ते का?"

"भराभर वाढलं तर फार जाड होतं. नळी पुन्हा अरुंद होते."

मास्तरांनी जोरात मान डोलावली. आता मात्र ते आपल्या अंगणात आले होते. "बरोबर! अस्तर जाड लावलं तर बाहीत हात जात नाही. हे माझ्या मेहुण्याला कधी कळलं नाही. बघ," ते वहिनींकडे वळले, "तुझ्या भावाला."

"माझ्या भावाला इथे आणू नका."

"म्हणजे," मास्तर बोटांवर मोजत म्हणाले, "आत अस्तराचं काम चालू आहे. ते पुरं होईपर्यंत लोखंड उघडं. उघडं तोवर लव चिकटणार. आणि ही गुलाबी ती लव चिकटू देत नाही. असं ना?"

"असंच."

"मग हे आधी का नाही सांगितलंत? रक्त पातळ, रक्त पातळ! पातळ म्हटलं की शिंप्याला घाम फुटतो."

"चूक झाली काका," डॉक्टर हात जोडून म्हणाल्या. "पुढच्या वेळी शिंपी आला की आधी अस्तर सांगेन."

मास्तरांनी हात पुढे केला. चारही गोळ्या एकदम तोंडात टाकल्या, पेलाभर पाणी प्यायलं, आणि पेला परिचारिकेला अशा ऐटीत परत दिला की जणू त्यांनीच हा उपचार शोधून काढला होता. वहिनी बेसिनकडे गेल्या आणि तोंडावर पाणी मारू लागल्या. बराच वेळ मारत राहिल्या. नळ बंद केला तरी त्या भिंतीकडेच तोंड करून उभ्या होत्या, आणि पदराचं टोक डोळ्यांवरून निघत नव्हतं.

मास्तरांनी हे पाहिलं. मघाच्या पडद्यावर आपलं हृदय पाहताना जेवढं कळलं नव्हतं तेवढं आत्ता एकदम कळलं. आपण आपल्या जाळीचा विचार केला, घसरण्याचा केला, कांजीचा केला. रोज सकाळी पाण्याचा पेला घेऊन उभी राहणारी बाई काय धरून उभी असते, याचं माप त्यांनी कधी घेतलंच नव्हतं.

"अगं," ते म्हणाले.

"काय?"

"काही नाही. बस इथे."

वहिनी बसल्या. दोघंही रक्ताच्या निकालाची वाट पाहत भिंतीवरची हिरवी रेघ पाहत राहिली. तो निकाल आला तेव्हा डॉक्टर दारातूनच म्हणाल्या, "इजा नाही. देवाची कृपा आणि पांढऱ्या गोळीची. काही तासांनी पुन्हा एकदा रक्त तपासू, मग उद्या घरी."

वहिनींच्या खांद्यांवरून काहीतरी जड उतरलं.

"आणि अस्तर कधी तयार मिळेल?" मास्तरांनी विचारलं.

"गुलाबी गोळी साधारण एक वर्ष. मी सांगेपर्यंत एकही दिवस बंद नाही. दात काढायचा असला तरी आधी मला विचारायचं. पांढरी कायमची."

"एक वर्ष!" मास्तर उठून बसले. "मॅडम, मी एक सदरा दोन दिवस उशिरा दिला तर गिऱ्हाईक माझ्या दुकानात उभं राहून माझ्या सात पिढ्यांची विचारपूस करतं. आणि तुम्ही एका बोटभर अस्तराला एक वर्ष लावणार?"

"मधे कपडा उसवून ठेवू नका, मग वेळेत देईन," डॉक्टर म्हणाल्या आणि हसत निघून गेल्या. दुसरी तपासणीही स्वच्छ आली.

घरी परतल्यावरच्या पहिल्या सकाळी वहिनी गुलाबी गोळी आणि पेला घेऊन आल्या. मास्तरांनी गोळी तोंडात टाकली, पाणी प्यायलं, आणि शहाण्या मुलासारखं तोंड उघडून दाखवलं.

"जीभ उचला."

त्यांनी उचलली.

"गालात?"

"बघ की."

पण वहिनींचं समाधान होईना. ओठांत सहा टाचण्या धरून गिऱ्हाइकाशी तासभर गप्पा मारणारा माणूस हा. ह्याच्या तोंडावर विश्वास ठेवायचा कसा?

"देवाचं नाव घ्या," त्या म्हणाल्या.

"घेतलं."

"तसं नाही. गाऊन. सूर लांबवून. तोंडात काही लपवून सूर लांबवता येत नाही."

"सकाळी सकाळी? शेजारी काय म्हणतील?"

"म्हणतील, मास्तर शुद्धीवर आले. घ्या."

मास्तरांनी घसा खाकरला. आधी लाजत, मग जरा मोकळेपणानं त्यांनी नाव घेतलं आणि शेवटचा सूर धरला. वहिनी मान कलती करून, परीक्षकासारख्या ऐकत उभ्या होत्या. तपासणीला एक श्वास पुरला असता. मास्तरांनी तो सूर वहिनींकडे पाहत, छाती भरून, गरजेपेक्षा कितीतरी जास्त वेळ लांबवला, आणि वहिनींनीही त्यांना थांबवलं नाही.